सणासुदीच्या नाजूक कपड्यांसाठी लाँड्रीची टॅगलाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गल्लीतली, सोसायटीच्या गाळ्यातली लाँड्री आणि ड्रायक्लीनिंग चालवणारे लोक पाटी, पावती आणि पिशवीवर छापायची ओळ घेऊन येतात, तेव्हा जे प्रश्न हमखास विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. पैठणी, शालू, शेरवानी, घागरा असे कपडे जपून हाताळण्याचं वचन त्या ओळीत द्यायचं आहे, एवढंच इथे गृहीत धरलं आहे.

‘आपल्या कपड्यांची काळजी, आमची जबाबदारी’ असं लिहिलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, पण गिऱ्हाईक थांबतही नाही. या ओळीतला ‘कपड्यांची’ हा शब्द काढून ‘दातांची’ घाला, ती दवाखान्याला चालते. ‘गाडीची’ घाला, गॅरेजला चालते. जी ओळ कुठल्याही धंद्याला बसते ती तुमच्या दुकानाबद्दल काही सांगत नाही. ‘विश्वासाचं एकच नाव’, ‘दर्जेदार सेवा, वाजवी दर’ यांचंही तेच. शिवाय तुमच्याच रस्त्यावर आणखी दोन लाँड्र्या असतील, तर त्यांच्या पाट्यांवर याच अर्थाचं काहीतरी आधीपासून असण्याची शक्यता मोठी.

काळजी हा शब्द गिऱ्हाइकाला तपासता येत नाही. तुम्ही आत यंत्रात काय करता ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त काउंटर. म्हणून नाजूक कपड्यांचं वचन पटायला हवं असेल, तर ते काउंटरवर दिसणाऱ्या एखाद्या कृतीतून द्यावं लागतं.

म्हणजे टॅगलाइनमध्ये नेमकं काय यायला हवं?

एक काम, जे तुम्ही खरंच करता आणि जे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर घडतं. ते शोधायला कागद-पेन घेऊन बसू नका. संध्याकाळी गर्दीच्या वेळी आपल्याच काउंटरपाशी बाजूला उभे राहा आणि बघा. साडी घेताना मुलगा ती पूर्ण उघडतो की घडीच मोजून बिल फाडतो? डाग कशाचा ते विचारतो का? डागाभोवती कच्चा टाका घालतो का? पावतीवर फक्त ‘साडी १’ लिहितो की ‘पैठणी, जांभळी, पदरावर तेलाचा डाग, एक गोंडा सुटलेला’ असं लिहितो?

यातलं जे रोज होतं, तेच ओळीचं सामान. जे होत नाही पण व्हायला हवं असं वाटतं, ते आधी सुरू करा. महिनाभर टिकलं तर पाटीवर घ्या.

गिऱ्हाइकाला सणाच्या कपड्यांबाबत खरी भीती कशाची असते?

हे नीट समजून घेतलं की अर्धी ओळ सापडते. मळ निघेल का, ही भीती दुय्यम असते. कपडा बिघडून परत येईल, ही भीती मोठी. आणि ती अनाठायी नाही.

सगळ्यांत आधी जर. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची बारीक पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत आत तांब्याची तार आणि वर चांदीचा मुलामा. आजच्या बहुतेक स्वस्त साड्यांत प्लॅस्टिकची जर असते, म्हणजे चकाकी दिलेली पॉलिएस्टरची पट्टी. तिन्ही लांबून सारख्याच चमकतात, पण बिघडतात वेगवेगळ्या कारणांनी. चांदीला हवेतलं गंधक लागलं की ती काळवंडते. तांब्याच्या जरीचा मुलामा झिजला की घाम, ओल आणि वर फवारलेलं अत्तर तांब्यापर्यंत पोचतं आणि तिथे काळसर-हिरवट छटा चढते. प्लॅस्टिकची जर काळी पडत नाही, पण गरम इस्त्री थेट लागली की आकसते, मुरडते, आणि ते परत सरळ होत नाही. पदराच्या टोकाला सुटलेला एखादा धागा मिळाला तर त्यावर नख घासून पाहावं. आत लालसर तार दिसली तर तांबं आहे, चिवट पातळ पट्टी सुटली तर प्लॅस्टिक.

दुसरी भीती रंगाची. गडद काठ आणि फिकं अंग असलेल्या साडीत काठाचा रंग अंगात उतरला तर साडी संपलीच. तिसरी भीती चिकटवलेल्या कामाची, म्हणजे टिकल्या, कुंदन, आरसे. चौथी फारशी कोणी बोलून दाखवत नाही, पण ती असते: आईची साडी हरवेल किंवा बदलून येईल. तिची किंमत पावतीवर लिहिता येत नाही, म्हणून ती नाव घेऊन लिहिलेली, डागासकट नोंदलेली पाहिली की माणसाचा जीव भांड्यात पडतो.

एक उदाहरण शेवटापर्यंत करून दाखवाल का?

समजा, डोंबिवलीत स्टेशनपासून आत एका सोसायटीच्या तळमजल्यावर लाँड्री आहे. नवरा-बायको दोघं बसतात, मदतीला एक मुलगा. रोजची इस्त्री हा मुख्य धंदा, पण गौरी-गणपती ते दिवाळी या काळात साड्यांचा ढीग पडतो. त्यांना ओळ हवी आहे. त्यांनी स्वतः आणलेला मसुदा असा:

‘सणाच्या कपड्यांना द्या नवी चमक!’

यात दोन अडचणी. एक, चमक हे रोल पॉलिशचं वचन आहे, जपणुकीचं नाही. साडी रोलवर ताणून पॉलिश केली की ती तकतकीत दिसते, पण ज्या बाईला पैठणीची काळजी आहे तिला ‘चमक’ ऐकून उलट धास्ती वाटते. दोन, वापरलेल्या जरीची चमक नव्यासारखी होईल, असं कोणालाच सांगता येत नाही. झिजलेला मुलामा धुलाईने परत येत नाही.

मग ते काउंटरवर काय करतात ते पाहू. साडी आली की काकू ती पूर्ण उलगडतात. पदर उलटा करून मागची बाजू पाहतात. हातमागावरच्या पैठणीत मोर आणि वेल मागूनही पुढच्यासारखेच दिसतात. मागे सुटे, लोंबते धागे असतील तर ती यंत्रावरची असते आणि ते धागे कुठेही अडकून ओढले जाऊ शकतात. मग पांढरं सुती फडकं जरासं ओलं करून काठाच्या आतल्या, निऱ्यांत जाणाऱ्या टोकावर हलकं दाबतात. फडक्यावर रंग उतरला तर ती साडी वेगळी ठेवतात. फॉल पाहतात, कारण सुती फॉल पाण्यात आकसतो आणि काठाला चुण्या पडतात. शेवटी विचारतात, ‘ताई, काय सांडलं होतं?’ आणि पावतीवर लिहितात.

सामान भरपूर झालं. आता पहिला प्रयत्न:

‘आधी जर तपासू, मगच धुऊ.’

लहान आहे, ठेका आहे. पण पाटीवर एका नजरेत वाचताना ‘आधी जर’ हे शब्द शंकेचे वाटतात, जरीचे नाही. शिवाय ‘धुऊ’ म्हटलं की रेशमी साडी पाण्यात घालणार की काय, असा प्रश्न उभा राहतो. दुसरा प्रयत्न:

‘काठ-पदर तपासू, मगच ड्रायक्लीनला घेऊ.’

काठ-पदर म्हटलं की रोजच्या सलवार-कमीजपेक्षा वेगळा, ठेवणीतला कपडा डोळ्यांपुढे येतो. ‘ड्रायक्लीनला’ हा शब्द तिथे रोज ऐकू येतो, त्यामुळे परका वाटत नाही. ‘मगच’ मध्ये एक कबुली आहे: एखादी साडी आम्ही परतही देऊ. ही कबुली घाबरवत नाही, विश्वास वाढवते. एकच गोष्ट राहिली. तपासणी कुठे होते ते ओळीत नाही, आणि तेच या दुकानाचं वेगळेपण आहे. म्हणून शेवटची ओळ:

‘काठ-पदर तुमच्यासमोर तपासू, मगच ड्रायक्लीनला घेऊ.’

सहा शब्द. मोठ्याने वाचा, श्वास पुरतो. फोनवर सांगता येते. आणि दुसऱ्या दुकानाने उचलली तर त्याला काउंटरवर साडी उघडायला लागावं लागेल.

पण आमच्याकडे शेरवानी, घागरा, फेटेही येतात. ओळीत फक्त साडी घेतली तर बाकीचं गिऱ्हाईक जाणार नाही का?

नाही जात. पैठणी ज्याच्या हातात विश्वासाने देता येते त्याच्याकडे शेरवानी द्यायला कोणी कचरत नाही. उलट ‘सर्व प्रकारचे नाजूक व पारंपरिक कपडे’ असं लिहिलं की डोळ्यांपुढे एकही कपडा उभा राहत नाही. बाकीच्या कपड्यांची यादी दरपत्रकात द्या.

अपवाद एकच. तुमच्या भागात नवरात्रात गरबा मोठा असेल आणि घागरा-चोळ्याच जास्त येत असतील, तर काठ-पदराऐवजी आरसे आणि टिकल्या ओळीत याव्यात. तुमच्या रॅकवर सर्वांत जास्त काय लटकतं, त्यावरून ठरवा.

‘सगळे डाग निघतील’ असं लिहावं का?

अजिबात नको. या धंद्यात सर्वांत जास्त भांडणं याच वाक्यावरून होतात.

हळद हा डाग नसून रंग आहे. त्यावर साबण लागला की ती लाल होते, कारण साबण आणि सोडा अल्कधर्मी असतात. हळदीकुंकवाहून आल्यावर घरी साबण चोळून आणलेली साडी तुमच्याकडे येते तेव्हा डाग पिवळा नसतो, तांबडा असतो. उन्हात हळद फिकी होते, पण त्या उन्हात रेशमाचा रंगही उडतो. मग काय वाचवायचं ते ठरवावं लागतं.

त्याहून फसवा डाग साखरेचा. सरबत, श्रीखंड, पाकातली मिठाई सांडली, पुसली, वाळली की काही दिसत नाही. ड्रायक्लीनच्या द्रावणात तेल-तूप विरघळतं, साखर विरघळत नाही. साडी स्वच्छ दिसते, तिच्यावर गरम इस्त्री फिरते आणि अदृश्य साखर तपकिरी होऊन वर येते. गिऱ्हाईक म्हणतं, ‘देताना हा डाग नव्हता.’ ते खरंच बोलत असतं. म्हणूनच ‘काय सांडलं होतं’ हा प्रश्न काउंटरवर विचारणं इतकं मोलाचं. एखाद्या दुकानाची ओळ याच्यावरही उभी राहू शकते: ‘काय सांडलं ते सांगा, बाकी आमच्यावर सोडा.’ फक्त ‘बाकी आमच्यावर’ म्हणताना तुमचा हात खरंच तेवढा बसलेला हवा.

कायद्याची बाजूही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला लागू होतो आणि छोट्या दुकानाला त्यातून सूट नाही. वर मोठ्या अक्षरांत ‘१००% डागमुक्त’ आणि पावतीमागे बारीक अक्षरांत ‘डाग निघण्याची हमी नाही’ असं छापून सुटका होत नाही. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तळटीप मुख्य दाव्याच्या विरोधात जाता कामा नये.

ड्रायक्लीन म्हणजे सुरक्षित, असं सरळ लिहून टाकलं तर?

ते पूर्ण खरं नाही. ड्रायक्लीनमध्ये पाणी नसतं म्हणून रेशीम फुगत नाही, आकसत नाही, घडी बिघडत नाही, एवढं खरं. पण द्रावणं वेगवेगळी असतात. मोठ्या बंद यंत्रांत पर्क्लोरोइथिलीन वापरतात, धंद्यात त्याला पर्क म्हणतात. ते तेलकटपणावर जोरदार चालतं, आणि तितक्याच जोरात काही प्लॅस्टिक टिकल्या मऊ करतं, खड्यांखालचा गोंद सोडवतं. लहान दुकानांत चालणारं पेट्रोल वॉश त्यामानाने सौम्य असतं. तयार कपड्याच्या आतल्या पट्टीवर वर्तुळात ‘पी’ असेल तर दोन्ही चालतात, ‘एफ’ असेल तर पर्क नको. आपल्याकडच्या साड्यांवर आणि शिवून घेतलेल्या ब्लाउजवर अशी पट्टी बहुधा नसतेच. म्हणून टिकल्यांच्या कपड्यावर आतल्या बाजूच्या एका टिकलीवर द्रावणाचा थेंब टाकून थोडा वेळ थांबायचं. टिकली चिकट झाली, रंग सोडला, तर तो कपडा यंत्रात जात नाही.

ओळीत पद्धतीचं नाव येऊ द्या, पण पद्धतीला हमी बनवू नका. काठ-पदराच्या उदाहरणात ‘ड्रायक्लीनला घेऊ’ हे ‘तपासू’ नंतर येतं, ते याचसाठी.

यमक हवंच का?

नको असं नाही, पण यमकासाठी अर्थ वाकवू नका. ‘साडी तुमची भारी, काळजी आमची सारी’ ही ओळ लक्षात राहते आणि काहीच सांगत नाही. मराठीत ठेका यमकाशिवायही येतो. ‘आधी... मगच...’ अशी जोडी, किंवा शेवटी दोन सारखी क्रियापदं, ‘तपासू’ आणि ‘घेऊ’, एवढ्यानं जीभ आपोआप ताल धरते. ओळ काउंटरवरच्या मुलाला एकदा ऐकवा आणि तासाभराने विचारा. त्याने अडखळत सांगितली तर कुठला तरी शब्द जड आहे.

मराठीत लिहायची की इंग्रजीत?

महाराष्ट्रात दुकानाचं नाव देवनागरी मराठीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही अशा अक्षरांत असायला हवं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू आहे. टॅगलाइनचं म्हणाल तर ज्या भाषेत गिऱ्हाईक काउंटरवर बोलतं, त्या भाषेत ती लिहावी. ‘काठ-पदर’ इंग्रजीत नेलं की त्याची ऊब जाते. अमराठी वस्ती मोठी असेल तर खाली हिंदीत वेगळी ओळ लिहा, पण ती भाषांतर करून नको. तिकडची माणसं साडीबद्दल जसं बोलतात तसंच येऊ द्या.

ओळ कुठे कुठे छापायची?

पाटीवर असतेच. माझं मत विचाराल तर पावतीवरची जागा पाटीपेक्षा मोलाची. पावती गिऱ्हाइकाच्या पर्समध्ये आठवडाभर राहते, आणि तिच्यावर ओळीच्या खालीच तपासणीची नोंद असते. वचन आणि त्याचा पुरावा एकाच कागदावर. पावतीत त्यासाठी चार रकाने ठेवा: काठ आणि जर, रंग उतरतो का, डाग कशाचा, सुटलेलं काही.

पिशवीवर छापत असाल तर पिशवीचाही विचार करा. रेशमी साडी बंद प्लॅस्टिकमध्ये महिनोन्महिने राहिली तर आत ओल कोंडते आणि जर काळवंडते. जपणुकीची ओळ प्लॅस्टिकवर छापणं वचनाला धरून नाही. पातळ सुती कापडात गुंडाळून द्या, त्याच्या कडेला ओळ छापा, आणि देताना सांगा की डांबराच्या गोळ्या साडीला चिकटून ठेवू नका आणि घडी अधूनमधून बदला. घडीच्या रेषेवरच रेशीम आणि जर दोन्ही तुटतात.

दर सणाला ओळ बदलावी का?

मुख्य ओळ बदलू नका. सणाची गरज वेगळ्या पट्टीवर लिहा, आणि ती तारखेची असू द्या. ‘गौरींच्या साड्या अमुक तारखेपर्यंत द्या, आवाहनाच्या आदल्या दिवशी हातात’ ही पट्टी कुठल्याही शुभेच्छेपेक्षा जास्त कामाची आहे. दिवाळीनंतर दुसरी पट्टी लावा: ‘साडी कपाटात जाण्याआधी आमच्याकडे’. घाम आणि तेल लागलेली साडी तशीच घडी करून ठेवली की पुढच्या दिवाळीला काखेपाशी आणि निऱ्यांच्या वरच्या बाजूला पिवळे पट्टे दिसतात, आणि तोवर ते रेशमात मुरलेले असतात. हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. त्या पट्टीनं ते कळतं आणि दिवाळीनंतरच्या मंदीत तुम्हाला कामही मिळतं.

‘पैठणी स्पेशालिस्ट’ असं लिहिलं तर चालेल?

येवल्याची हातमागाची आणि यंत्रावरची ओळखता येत असेल, सुटलेला गोंडा परत बांधता येत असेल, पदरावरची इस्त्री मलमलचं कापड घालून उलट्या बाजूने करत असाल, तर लिहा. रफू बाहेर पाठवत असाल तर तेही सांगा, त्यात कमीपणा नाही. यातलं काहीच होत नसेल तर हा शब्द पहिल्याच जाणकार आजींसमोर उघडा पडतो. त्या पदर उलटा करून विचारतात, ‘ही कुठली सांगा बरं?’

ओळ लागू पडली की नाही, हे कसं कळणार?

धंदा वाढला की नाही हे सणाच्या गर्दीत कळत नाही, तेव्हा सगळ्यांकडेच वाढतो. दुसऱ्या दोन खुणा पाहा. गिऱ्हाईक साडी ठेवून लगेच न निघता ती स्वतःच काउंटरवर उलगडायला लागलं, तर ओळ वाचली गेली आणि पटली. आणि मुलगा घाईत घडीच मोजून पावती फाडायला लागला तेव्हा कोणी म्हणालं, ‘अहो, पदर बघितला नाहीत,’ तर ओळ इतकी पटली आहे की गिऱ्हाईक तिची आठवण तुम्हालाच करून देतंय. त्या दिवशी काउंटरवर माणूस वाढवा. दसऱ्याच्या आठवड्यात एकट्या माणसाकडून प्रत्येक साडी उघडून पाहणं होत नाही, आणि पाटीवरची ओळ नेमकी त्याच आठवड्यात सर्वांत जास्त वाचली जाते.